एकशे तीन पूर्णांक आठ टक्के

श्रावण लागला की आमच्या कोकणातल्या कॉलेजात दोन गोष्टी हमखास होतात. भिंतींना ओल येते आणि एस. वाय. बी.एस्सी.ची बॅच ॲस्पिरिन करते. या दोन्हींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे, पण तो जर्नलात लिहायची पद्धत नाही.

प्रयोग कागदावर अगदी गरीब स्वभावाचा. दोन ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड घ्या, पाच मिली ॲसेटिक अनहायड्राइड घाला, वर तीव्र सल्फ्युरिक ॲसिडचे चार-पाच थेंब सोडा. कॉनिकल हलवत साठ-सत्तर अंशांच्या वॉटर बाथमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. थंड करा, पाणी घाला, गाळा, वाळवा, वजन करा. सॅलिसिलिक ॲसिडच्या रेणूवर एक हायड्रॉक्सिल गट उघडा असतो. अनहायड्राइड आपल्यातला ॲसिटिलचा तुकडा काढून त्याच्यावर बसवतं, आणि उरलेल्या भागाचं ॲसेटिक ॲसिड होतं. गट झाकला गेला की झालं ॲस्पिरिन. पुस्तकात हे सगळं अर्ध्या पानात संपतं. प्रत्यक्षात त्याला तीन तास, वीस मुलं आणि एक मोरी लागते.

पहिली अडचण ‘कोरडा कॉनिकल’ या दोन शब्दांतली. आपल्याकडे घरातली शिकवण अशी की कुठलंही भांडं वापरण्याआधी विसळून घ्यावं. मुलं ती शिकवण इमानाने पाळतात आणि पाणी निथळत असलेला कॉनिकल घेऊन रांगेत उभी राहतात. अनहायड्राइडला पाणी दिसलं की ते सॅलिसिलिक ॲसिडकडे बघायच्या आत पाण्याशीच उरकून घेतं आणि त्याचं साधं ॲसेटिक ॲसिड होतं, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. मुलगा पुढे पंधरा मिनिटं मन लावून जे गरम करतो, ते बऱ्याच अंशी लोणच्याच्या कामाचं असतं.

त्यात ते अनहायड्राइड मागून मिळत नाही. अमली पदार्थांच्या कायद्याखाली ते नियंत्रित रसायनांत मोडतं, त्यामुळे बाटली कुलपात, किल्ली विभागप्रमुखांकडे, आणि कोणी किती मिली घेतलं याची वहीत नोंद. प्रयोगशाळेतले काका ही बाटली बाहेर काढतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बँकेच्या लॉकरचं गांभीर्य येतं. मग ते स्वतःच्या हाताने प्रत्येकाला पाच-पाच मिली मोजून देतात. कोणी “काका, थोडं जास्त द्या ना, यील्ड वाढेल” म्हणालं, तर काका उत्तर देत नाहीत. खरं म्हणजे त्यांनी द्यावं, कारण उत्तर फार सोपं आहे. पाच मिली म्हणजे सुमारे ५.४ ग्रॅम. मोलमध्ये बघायला गेलं तर ते सॅलिसिलिक ॲसिडच्या साडेतीनपटीहून जास्त भरतं. अनहायड्राइड आधीच मुबलक आहे. लग्नात नवऱ्या मुली कमी असतील तर नवरदेव वाढवून लग्नं वाढत नाहीत. इथे कमी आहे ते सॅलिसिलिक ॲसिड, आणि यील्ड त्याच्यावरूनच ठरणार.

वॉटर बाथमधून काढल्यावरचा प्रसंग पाहण्यासारखा असतो. उरलेलं अनहायड्राइड मारायला पाणी घालायचं, तेही थेंबाथेंबाने. इथे काही मुलं बादली ओतल्याच्या आवेशात पाणी घालतात. आतून उष्णता सुटते, आंबट वाफ वर येते आणि सगळी बॅच डोळे पुसत खिडकीकडे धावते. हे खरं तर फ्यूम कपाटाखाली करायचं काम आहे. आमचं फ्यूम कपाट उत्तम स्थितीत आहे. गेल्या कित्येक वर्षांची जुनी जर्नलं आणि फुटक्या काचा त्याच्यात व्यवस्थित राहतात.

नंतर बर्फ. तो मासळी बाजारातून येतो आणि आपण कुठून आलो हे लपवत नाही. कॉनिकल त्याच्यात ठेवून बसायचं आणि स्फटिकांची वाट बघायची. कधीकधी ते येतच नाहीत. तळाशी नुसता तेलकट थर बसून राहतो. मग काचेच्या कांडीने आतल्या बाजूने काच खरवडायची. त्या ओरखड्याच्या जागी पहिला स्फटिक धरतो आणि त्याच्या मागोमाग बाकीचे येतात. वीस कांड्या एकाच वेळी खरवडू लागल्या की शेजारच्या वर्गातले मराठीचे सर दार लोटून घेतात. पण ज्या क्षणी पहिल्या पांढऱ्या सुया दिसतात, त्या क्षणी मागच्या बाकावरचं सर्वात निर्विकार पोरसुद्धा “आली, आली!” असं ओरडतं. ते मी दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी मला बरं वाटतं.

इथपर्यंत रसायनशास्त्र चाललं. खरी गंमत वजनकाट्यापाशी.

आकडेमोड अशी. सॅलिसिलिक ॲसिडचा मोलर भार १३८.१२, ॲस्पिरिनचा १८०.१६. एका रेणूचा एकच रेणू होतो. म्हणून दोन ग्रॅमपासून जास्तीत जास्त २ × १८०.१६ ÷ १३८.१२, म्हणजे २.६१ ग्रॅम ॲस्पिरिन मिळू शकतं. हाती आलेल्या वजनाला २.६१ने भागायचं आणि शंभरने गुणायचं. पाचवीतल्या शेकडेवारीपलीकडे याच्यात काही नाही. तरीही दर वर्षी कोणीतरी सरळ दोनने भागून १२२ टक्के आणतं, आणि कोणीतरी अनहायड्राइडवरून हिशोब करून २६ टक्के आणून काळवंडलेल्या तोंडाने समोर उभं राहतं.

यंदाच्या बॅचमधले चार जण मी नीट लक्षात ठेवले. नावं सांगत नाही. रोल नंबरांवर भागवू.

रोल नंबर नऊच्या जर्नलात वजन होतं २.०८७ ग्रॅम, यील्ड बरोबर ८० टक्के. देखणा निकाल. एवढंच की आमचा वजनकाटा दशांशानंतर दोनच घरं दाखवतो. तिसऱ्या घरातला सात कुठून आला याचा शोध घ्यायला व्योमकेश बक्षी लागत नाही. वरच्या वर्षाच्या कोणाच्या तरी जर्नलात ‘यील्ड ८०%’ होतं, आणि नऊ नंबरने तिथून उलटं गणित मांडून वजन काढलं होतं. मी त्याला म्हटलं, “अरे, काट्याला जे दिसलं नाही ते तुला दिसलं?” तो म्हणाला, “सर, मी ॲक्युरसी वाढवली.”

रोल नंबर सतराचं वजन भरलं २.७१ ग्रॅम. भागाकार केला तेव्हा १०३.८ टक्के. त्याने कॅल्क्युलेटर झटकून पुन्हा केला, तेवढेच. मग तो चेहऱ्यावर नोबेल आणून माझ्याकडे आला. पाठोपाठ मित्रांचं शिष्टमंडळ. “सर, शंभराच्या वर गेलं. फेरिक क्लोराइड टेस्टपण क्लिअर आली. प्युअर आहे सर!”

आता हा फेरिक क्लोराइडचा मामला जरा सावकाश सांगायला हवा, कारण सगळी बॅच त्याच्याकडे न्यायाधीश म्हणून बघते. तीन परीक्षानळ्या घ्यायच्या. एकीत नुसतं अल्कोहोल आणि पाणी, दुसरीत त्यातच सॅलिसिलिक ॲसिडचे दोन-चार कण, तिसरीत आपला माल. प्रत्येकीत एक टक्का फेरिक क्लोराइडचा एकेक थेंब. सॅलिसिलिक ॲसिडवरचा तो उघडा हायड्रॉक्सिल गट, बेंझिनच्या कड्याला चिकटलेला, लोहाच्या आयनाला शेजारच्या ॲसिड गटाच्या मदतीने धरून ठेवतो आणि नळी क्षणात गडद जांभळी होते. ॲस्पिरिनमध्ये तो गट झाकलेला असतो, म्हणून लोहाला धरायला कोणी नाही, म्हणून रंग नाही. थोडक्यात, काम पुरं झालं की नाही हे ही चाचणी विचारते. थोडं जरी सॅलिसिलिक ॲसिड राहिलं असेल तरी फिकट जांभळी झाक येतेच.

पहिली, नुसत्या पाणी-अल्कोहोलची नळी मुलांना वेळेचा अपव्यय वाटते. पण ती नसली की घोटाळा होतो. फेरिक क्लोराइड स्वतःच पिवळं असतं. मग पिवळा रंग बघून कोणी लिहितं ‘टेस्ट पॉझिटिव्ह’, आणि जांभळ्याची झाक बघून कोणी म्हणतं, “सर, हा पिवळाच आहे, ट्यूबलाइटमुळे तसा दिसतोय.” मासे वास येण्यापूर्वीचे की नंतरचे हे डोळे मिटून सांगणारी कोकणातली पोरं जांभळा रंग मात्र स्वतःच्या नळीत आला की ओळखत नाहीत.

तर रोल नंबर सतरा. त्याची नळी खरोखर स्वच्छ होती. काम पुरं झालं होतं, मुलाने कष्ट घेतले होते. मग वरचे ३.८ टक्के आले कुठून? मी त्याला वॉच ग्लासवरचा माल चमच्याने दाबायला सांगितला. तो थापीसारखा बसला आणि चमच्याला चिकटला. पाणी! श्रावणातल्या कोकणात फिल्टर पेपरवर अर्धा तास ठेवलेली कुठलीही गोष्ट वाळत नाही. उलट हवेतलं थोडं घेते. फेरिक क्लोराइडला पाणी दिसत नाही, व्हिनेगरचं ॲसिड राहिलं असेल तर तेही त्या थेंबभर मापात कळत नाही. तो न्यायाधीश एकाच गुन्ह्याचे खटले चालवतो. बाकी सगळ्यांना तो निर्दोष सोडतो.

“वाळवून आण,” म्हटलं. मंद ओव्हनमध्ये ठेवून त्याने वजन केलं, परत ठेवलं, परत केलं. दोन लागोपाठची वजनं सारखी आली तेव्हा काटा २.१९वर थांबला. चौऱ्याऐंशी टक्के. म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून जास्त पाणी त्याने विश्वविक्रमात धरलं होतं. चौऱ्याऐंशी ही खरं तर सुरेख यील्ड आहे, पण १०३.८वरून आलेल्या माणसाला ते पटत नाही. दिवसभर तो नापास झाल्यासारखा फिरत होता.

रोल नंबर बावीस अगदी उलट. माल खडखडीत कोरडा, वजन २.१२, यील्ड ८१ टक्के. नळीत थेंब टाकला आणि आतून जांभळा रंग असा उठला की समोरच्या सॅलिसिलिक ॲसिडच्या नळीशी जोडी जुळली. चौकशी केली तेव्हा कळलं, पंधरा मिनिटांपैकी पाचच मिनिटं कॉनिकल बाथमध्ये होता. उरलेली दहा कॅन्टीनमध्ये गेली.

“पण सर, यील्ड एक्क्याऐंशी आलंय,” असं त्याचं म्हणणं. आणि इथे या प्रयोगातली सगळ्यात बिलंदर गोष्ट आहे, जी मी दर बॅचला फळ्यावर मांडून दाखवतो. समजा तुम्ही काहीच केलं नाही. अनहायड्राइडची बाटली उघडलीसुद्धा नाही. बाटलीतून काढलेलं दोन ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड सरळ वॉच ग्लासवर ठेवलं आणि ‘ॲस्पिरिन’ म्हणून वजन केलं. २ भागिले २.६१. शहात्तर पूर्णांक सहा टक्के! आपल्याकडे पंच्याहत्तरला डिस्टिंक्शन मिळतं. म्हणजे काहीही न करणारा मनुष्य या प्रयोगात विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण होतो. कारण दोन्ही पदार्थ पांढरे, दोन्ही स्फटिकरूप, आणि काट्याला फक्त वजन कळतं, नाव नाही. बावीस नंबरच्या ८१ टक्क्यांत ॲस्पिरिन किती आणि दोन ग्रॅममधलं न वापरलेलं सॅलिसिलिक ॲसिड किती, हे काट्याला विचारून उपयोग नाही.

“धुतलं की जाईल ना सर?” त्याने विचारलं. हा प्रश्न मला आवडतो, कारण तो वाजवी वाटतो आणि साफ चुकीचा आहे. पंचवीस अंशांच्या शंभर मिली पाण्यात ॲस्पिरिन साधारण ०.३ ग्रॅम विरघळतं, आणि सॅलिसिलिक ॲसिड त्याहून कमी, सुमारे ०.२. म्हणजे धुण्याने नको असलेला पाहुणा आधी निघेल असं काही नाही. यजमानच आधी घराबाहेर पडेल. धुवून जातं ते सल्फ्युरिक आणि ॲसेटिक ॲसिड. सॅलिसिलिक घालवायला पुन्हा स्फटिकीकरण करावं लागतं. थोड्या कोमट अल्कोहोलमध्ये माल विरघळवायचा, वरून कोमट पाणी गढूळपणा येईपर्यंत घालायचं आणि घाई न करता थंड होऊ द्यायचं. अशुद्धी थोडी असेल तर ती द्रावणात राहते. बावीस नंबरइतकी असेल तर एका खेपेत भागत नाही. त्यातही अल्कोहोल-पाण्याचं मिश्रण बराच वेळ उकळत ठेवलं की ॲस्पिरिन फुटतं आणि सॅलिसिलिक ॲसिड परत तयार होतं. शुद्ध करता करता अशुद्ध करायची ही सोय फार थोड्या प्रयोगांत आहे.

हे फुटण्याचं प्रकरण मुलांच्याच एका हुशारीतून मागे एकदा छान दिसलं होतं. एका गृहस्थांचा प्रयोग फसला, म्हणून त्यांनी संध्याकाळी घरच्या औषधाच्या डब्यातल्या ॲस्पिरिनच्या गोळ्या खलबत्त्यात कुटून आणल्या. मुळात औषधाच्या कंपनीचा माल, त्याच्यापेक्षा शुद्ध काय असणार, असा विचार. गोळीतला स्टार्च तळाशी गढूळ बसला तिथेच संशय आला. मग थेंब टाकला आणि नळी जांभळी! डबा स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या फळीवर, गोळ्या कित्येक पावसाळे पाहिलेल्या. ओल लागून ॲस्पिरिन फुटलं होतं. डबा उघडल्यावर आंबट वास येत असला पाहिजे. तो घरात सगळ्यांना लोणच्याच्या बरणीचा वाटत होता. त्या गृहस्थांनी टाकून दिलेल्या, फसलेल्या मालात मी कुतूहलाने थेंब टाकला. रंग आला नाही.

शुद्धतेचा हा घोळ आमच्या पोरांनीच घातला असं नाही. शार्ल गेरहार्टने १८५३ साली सोडियम सॅलिसिलेट आणि ॲसिटिल क्लोराइड एकत्र करून हेच संयुग केलं, पण त्याचा माल अशुद्ध होता आणि गोष्ट तिथेच राहिली. पुढे १८९७च्या ऑगस्टमध्ये एल्बरफेल्डच्या बायर कारखान्यात फेलिक्स हॉफमनने ते शुद्ध आणि टिकाऊ रूपात केलं. कोणाच्या सूचनेवरून, यावर नंतर वाद झाला. व्हायव्हाला ‘ॲस्पिरिन कोणी शोधलं’ विचारलं की मुलं ‘हॉफमन’ म्हणतात. मी ‘गेरहार्ट’ म्हणतो. मग ती एकमेकांकडे असं बघतात की यंदा सरांचाच निकाल लागायचा आहे.

राहिली रोल नंबर एकतीस. एक मुलगी, कामात संथ. सगळे वजन करून निघून गेले तरी ही अजून थंड पाण्याच्या दोन-दोन मिलीने बुखनरमधला माल धुतेय, पुन्हा स्फटिकीकरण करतेय, ओव्हनपाशी उभी आहे. हिचं वजन १.७४, यील्ड ६६.७ टक्के. थेंब टाकला, नळी पहिल्या कोऱ्या नळीसारखीच फिकट पिवळी. मेल्टिंग पॉइंट घेतला तर १३४ ते १३५ अंश, एका अंशाच्या आत सगळं वितळलं. बावीस नंबरचा माल ११८लाच मऊ पडायला लागला होता आणि १२९पर्यंत रेंगाळत होता. सॅलिसिलिक ॲसिड एकटं १५९च्या आसपास वितळतं, म्हणून मिसळलं तर वितळणबिंदू वर जाईल असं मुलांना वाटतं. तो खाली येतो आणि लांबतो. काटा फसतो, थर्मामीटर इतक्या सहज फसत नाही. मात्र ॲस्पिरिन तापवताना स्वतःच थोडं फुटतं, त्यामुळे नळी फार रेंगाळत तापवली तर थर्मामीटरलाही भुलवता येतं.

बॅचच्या दृष्टीने मात्र एकतीस नंबर शेवटून दुसरी आली होती. फळ्यावर मुलांनी स्वतःच यील्डची गुणवत्ता यादी लिहिली होती. पहिला सतरा, १०३.८ (खोडून ८४). त्याखाली बावीस, ८१. मग नऊ, ८०. या तिघांत एकाचं पाणी, एकाचं कॅन्टीन आणि एकाची कल्पनाशक्ती.

मी जर्नलात एक रकाना वाढवला आहे: उरलेलं कुठे गेलं? बहुतेक जण तिथे ‘हँडलिंग लॉस’ लिहितात, म्हणजे सरकारी भाषेत ‘संकीर्ण खर्च’. एकतीस नंबरने लिहिलं होतं: २.६१ पैकी ०.८७ ग्रॅम कमी. काही स्फटिकीकरणाच्या द्रावणात राहिलं, कारण ते बर्फात ठेवल्यावरसुद्धा थोडं विरघळलेलं असतं. काही धुण्याच्या पाण्यात. काही फिल्टर पेपरच्या कडेला, खरवडून निघालं नाही. काही मेल्टिंग पॉइंटच्या नळीत आणि फेरिक क्लोराइडच्या नळीत. आणि थोडं अ‍ॅप्रनच्या बाहीवर.

मी पूर्ण गुण दिले आणि सही करत होतो, तेवढ्यात सतरा नंबरने खांद्यावरून वाकून ते वाचलं.

“सर,” तो म्हणाला, “बाही झटकून वजनात धरली, तर किती टक्के होईल?”